शेड्युल्ड जॉबमधून पेमेंट टाइमआउट झालं तर डबल पैसे जाऊ नयेत म्हणून काय करायचं?

प्रश्न: रात्री क्रॉनने जॉब चालतो, पेमेंट एपीआयला कॉल जातो, कधीकधी टाइमआउट येतो. परत ट्राय केलं तर डबल पैसे जायची भीती. आयडेम्पोटन्सी की वापरा म्हणतात, पण ती नक्की कशी बनवायची आणि कुठे ठेवायची?

उत्तर:

मी कोल्हापुरात दूध संस्थांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बघतो, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल निघतं. समजा सभासद नंबर 417, बिल 11 ते 20 तारखेचं, रक्कम 3,845.50 रुपये. 21 तारखेला रात्री 2 वाजता जॉबने कॉल केला आणि दहा सेकंदांत उत्तर आलं नाही. आता इथं टाइमआउट म्हणजे फेल नव्हे, टाइमआउट म्हणजे "माहीत नाही". पैसे गेले असतील, फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. म्हणून त्याला फेल्ड लिहून टाकायचं नाही, तीच की घेऊन परत विचारायचं. समोरच्याने ती की आधी बघितली असेल तर तो नवीन पेमेंट न करता पहिल्याच वेळचं उत्तर परत देतो.

सगळी गंमत "तीच की" मध्ये आहे. बरेच जण कॉल करणाऱ्या फंक्शनच्या आतच रँडम यूयूआयडी बनवतात, मग प्रत्येक रिट्रायला नवीन की जाते आणि समोरच्याला ते नवीनच पेमेंट वाटतं. रन टाइम टाकला तरी तेच, 23:58 चा रन आणि 00:05 चा रन यांची तारीख वेगळी. की बिलावरून काढा, जॉबवरून नको. सभासद, बिलाची सुरुवातीची तारीख आणि प्रयत्न नंबर, एवढं बास:

```sql
insert into payout (idem_key, paise, state)
values ('milk-417-20250611-1', 384550, 'pending')
on conflict (idem_key) do nothing;
```

`idem_key` प्रायमरी की ठेवा. ही ओळ कॉलच्या आधी कमिट व्हायला पाहिजे, आणि मग पाठवायची रक्कम याच ओळीतून वाचायची, परत हिशोब करायचा नाही. का ते सांगतो. 2 वाजता टाइमआउट झाला आणि 2:15 च्या रनच्या आधी कुणीतरी फॅटची दुरुस्ती टाकली, रक्कम झाली 3,862. आता तीच की पण रक्कम वेगळी! स्ट्राइप अशा वेळी एरर देतं, आणि ते बरोबरच आहे. त्या एररला घाबरून लोक की बदलतात आणि तिथंच डबल पेमेंट होतं. फरक पुढच्या बिलात घ्या की, सभासद समजून घेतो.

शेवटचा `-1` कधी बदलायचा? समोरून पक्कं "फेल झालं" आलं तरच, म्हणजे खातं बंद आहे, आयएफएससी चुकलाय वगैरे. मग ते दुरुस्त करून `-2`. टाइमआउटवर कधीच नाही.

आणि एक, की कायम लक्षात ठेवली जात नाही. स्ट्राइपच्या जुन्या `v1` एपीआयमध्ये किमान 24 तासांनी की पुसली जाऊ शकते. म्हणजे शनिवारी अडकलेली ओळ सोमवारी सकाळी डोळे झाकून परत पाठवली तर ती नवीन पेमेंट ठरू शकते. म्हणून एक दिवस उलटलेल्या `pending` ओळीसाठी आधी स्टेटस विचारा. ते सोपं जावं म्हणून आमची की रेफरन्स फील्डमध्येपण पाठवतो, त्यावरून शोधता येतं. हेडरचं नाव प्रत्येकाचं वेगळं असतं, स्ट्राइपला `Idempotency-Key`, रेझरपेएक्सच्या पेआउटला `X-Payout-Idempotency`, आणि कीची लांबी किती चालते ते डॉक्युमेंटेशनमध्ये बघून घ्या.

टेस्ट करताना नुसतं नेट बंद करून काही कळत नाही, कारण तेव्हा कॉल गेलेलाच नसतो. सँडबॉक्समध्ये कॉल जाऊ द्या, उत्तर आल्यावर पण डेटाबेसमध्ये लिहायच्या आधी प्रोसेस `kill -9` करा, मग जॉब परत चालवा. डॅशबोर्डवर एकच पेआउट दिसला तर जमलं, दोन दिसले तर की कुठंतरी बदलतीय.

एसएमएसचं थोडं वेगळं. बऱ्याच एसएमएसवाल्यांकडे अशी की घ्यायची सोयच नसते. तिथं आपल्या टेबलात आधी `sending` लिहायचं, मग पाठवायचं, आणि टाइमआउट झाला तर बिलाच्या मेसेजपुरतं तसंच सोडून द्यायचं. एखादा मेसेज गेला नाही तर सभासद पासबुक बघतो, पण "3,845.50 जमा" दोनदा आलं तर सकाळी सकाळी सचिवांचा फोन वाजायला लागतो राव. ओटीपीला मात्र हे उलटं, तिथं परत पाठवलेलं चालतं, फक्त कोड तोच ठेवा.