सरांना "नाही" कसं कळवू?

"मी बारावी सायन्सला आहे, 800 मीटर धावते. राज्य निवड चाचणी नेमकी माझ्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात आलीय. यंदा जायचं नाही हे माझं आणि घरच्यांचं ठरलंय. पण सर सहा वर्षं मला शिकवतायत, तोंडावर सांगायची हिंमत होत नाही. मेसेज लिहून ठेवलाय: 'सर, हॅमस्ट्रिंग दुखतंय, बहुतेक चाचणीला जमणार नाही, बघते.' पाठवू का?"

हा पाठवू नकोस. दुखापतीचं कारण तुला सोपं वाटतंय, पण सर ते खरं धरून पुढची पावलं टाकतील. तुझं वेगाचं काम बंद करतील, फिजिओकडे पाठवतील, रोज चौकशी करतील. म्हणजे तुला रोज नवं खोटं बोलावं लागेल. आणि परीक्षेनंतर मांडीचा स्नायू खरोखर ओढला गेला, तर त्यांना आधीचंही सगळं आठवेल. धावपटूच्या "दुखतंय" या शब्दावरच प्रशिक्षक उद्याचा सराव ठरवतो. तो शब्द असा वाया घालवू नये.

दुसरी अडचण "बहुतेक" आणि "बघते" या शब्दांची. तू त्यातून नकार कळवतेयस, पण सर त्याचा अर्थ "समजावलं तर येईल" असा घेतील आणि तुझं नाव यादीत राहू देतील. जिल्ह्याकडून एका प्रकारात मोजक्याच मुली पाठवायच्या असतील, तर तुझ्या मागची मुलगी तुझ्या "बघते"वर अडकून राहील. म्हणून नावं पाठवायची शेवटची तारीख आजच बघून घे. त्याआधी आलेल्या नकारामुळे सरांना दुसरी मुलगी तयार करायला वेळ मिळतो. चाचणीच्या आदल्या रात्री कळवलंस, तर त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही.

मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

"सर, मी यंदा राज्य निवड चाचणीला येणार नाही. त्याच आठवड्यात माझी प्रॅक्टिकल आहेत आणि लगेच पुढे लेखी परीक्षा. घरी बोलून मी पक्कं ठरवलंय. माझं नाव पाठवू नका, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी जाता येईल. परीक्षा संपेपर्यंत मंगळवारी आणि शनिवारी मैदानावर येईन. शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारपासून पूर्ण सराव सुरू करेन. उद्या सरावानंतर तुमच्याशी दहा मिनिटं बोलायचंय."

नकार पहिल्याच वाक्यात आहे आणि कारण एकच दिलंय. चार कारणं दिलीस की सर त्यातलं सगळ्यात कच्चं कारण धरून वाद घालतील. मेसेज ग्रुपवर टाकू नकोस, बाबांनाही पाठवायला लावू नकोस. शेवटचं वाक्य गाळू नकोस. सहा वर्षांच्या नात्यात मेसेज फक्त आधी कल्पना देण्यासाठी असतो, खरं बोलणं मैदानावरच व्हायला हवं.

मंगळवार-शनिवार मी उगाच घातलेले नाहीत. सराव पूर्ण थांबवला की दम दोन ते चार आठवड्यांतच जाणवण्याइतका कमी होतो. पण दिवस कमी केले आणि वेग तसाच ठेवला, तर आठवड्यातल्या दोन सत्रांवरही तो बराच काळ टिकतो. समजा तुझी वेळ 2 मिनिटं 24 सेकंद आहे. म्हणजे 200 मीटरला 36 सेकंद. मंगळवारी वॉर्मअपनंतर त्याच वेगात सहा वेळा 200 मीटर, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. शनिवारी अर्धा तास सलग धावणं आणि शेवटी चार छोट्या स्प्रिंट. दोन्ही दिवशी तासाभरात घरी येशील. मुलं हमखास चुकतात ती इथे: रोज संथ जॉगिंग करून समाधान मानतात, आणि परतल्यावर दुसऱ्या फेरीत पाय जड पडतात. नेमकं वेळापत्रक मात्र सरांकडूनच घे. त्यांना ते आखायला सांगितलंस, तर तू खेळ सोडत नाहीयेस हे त्यांना आपोआप कळेल.

सर एक गोष्ट नक्की काढतील, आणि तिथे त्यांचं बरोबर असेल. 18 वर्षांखालील गटातलं हे तुझं शेवटचं वर्ष असेल, तर पुढच्या वर्षी तुला 20 वर्षांखालील मोठ्या मुलींशी धावावं लागेल. हे नुकसान खरं आहे. नाकारू नकोस. "हो सर, ते माहीत असूनच ठरवलंय" एवढं म्हण आणि थांब.

त्याच भेटीत क्रीडा सवलत गुणांचंही विचारून घे. आधीच्या स्पर्धांची कोणती प्रमाणपत्रं चालतील आणि प्रस्ताव कधीपर्यंत द्यायचा, हे कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांकडून पक्कं कर. तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत बोर्डाकडे जातो आणि तारीख उलटली की काही करता येत नाही.

सर रागावून दोन दिवस बोलले नाहीत, तरी दुसरा मेसेज पाठवू नकोस. मंगळवारी ठरल्या वेळी मैदानावर जा आणि वॉर्मअप सुरू कर.