पासवर्ड बरोबर, तरी लॅपटॉपवर जीमेल उघडेना

प्रश्न: पुण्याहून फ्रँकफर्टला आलोय. फोनवर जीमेल चालू आहे, पण लॅपटॉपवर पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन नाकारतंय. व्हीपीएनवर भारत निवडलं तरी तेच. काय करू?

उत्तर: आधी व्हीपीएन बंद करा आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकणं थांबवा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने गूगलचा संशय वाढतच जातो.

मी आयटी सपोर्टमध्ये आहे, परदेशी गेलेल्या सहकाऱ्यांची ही तक्रार नेहमी येते. फोनमध्ये भारतातलं सिम रोमिंगवर असेल, तर त्याचा डेटा बहुतेक वेळा जर्मनीच्या टॉवरवरून आधी भारतातल्या तुमच्या सिम कंपनीच्या नेटवर्कमध्ये जातो आणि तिथून इंटरनेटवर येतो. त्यामुळे फोनचा आयपी पत्ता भारतातलाच दिसतो. लॅपटॉप हॉटेलच्या वायफायवर, म्हणजे जर्मनीत. एकच माणूस दहा मिनिटांत दोन देशांत! पासवर्ड चोरीला गेला की नेमकं असंच दिसतं.

व्हीपीएनने यात तिसरा पत्ता घातला. तो घरगुती जोडणीचा नसतो, डेटा सेंटरचा असतो आणि शेकडो अनोळखी लोक तोच वापरत असतात. शिवाय 2022 मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचा आदेश काढल्यावर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘भारत’ लिहिलेला सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरला असू शकतो.

आता फोनचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्यावर घ्या. आयपी पत्ता दाखवणारी कुठलीही साइट उघडून भारतातल्या सिम कंपनीचं नाव येतंय का ते बघा. प्रवासासाठी घेतलेलं ई-सिम असेल तर हा उपाय चालणार नाही, कारण त्याचा डेटा भलत्याच देशातून बाहेर पडतो. नाव बरोबर दिसलं, तर पुण्यात वापरायचात त्याच ब्राउझरच्या साध्या खिडकीत लॉगिन करा. इन्कॉग्निटो नको, आणि कुकीज पुसू नका. हा लॅपटॉप ओळखीचा आहे ही खूण त्यांच्यातच असते. फोनवर ‘तुम्हीच आहात का’ असं विचारलं तर होय म्हणा, पण फक्त तुम्ही स्वतः त्या क्षणी लॉगिन करत असाल तरच. एकदा आत गेलात की हॉटेलच्या वायफायवर परत या, नाहीतर लॅपटॉपचे अपडेट्स रोमिंगचा पॅक संपवतील. एवढं करूनही नकार आला, तर एक-दोन दिवस थांबून याच पद्धतीने पुन्हा करा.

पुढच्या प्रवासाआधी गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दहा कोड मिळतात, आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालतो. एसएमएस आला नाही तरी तेवढ्यावर दुसरी पायरी पार होते.

बँकेच्या किंवा सरकारी साइटचं पानच उघडत नसेल, तर ती वेगळी गोष्ट. तिथे तुमच्यावर संशय नसतो, परदेशी पत्तेच सरसकट अडवलेले असतात. हॉटस्पॉटवरून तीही बहुधा उघडेल.