सोडामाइड एक मोल की दोन? टर्मिनल अल्काइनचा आम्लधर्म

प्रश्न: टर्मिनल अल्काइनचा हायड्रोजन सोडामाइडने निघतो, मग अल्कीन आणि अल्केनचा का निघत नाही? मी ३-ब्यूटाइन-१-ऑलवर एक मोल सोडामाइड आणि मग इथाइल ब्रोमाइड लिहून ३-हेक्साइन-१-ऑल दाखवलं, तर अर्धे गुण कापले. चूक काय झाली?

उत्तर:

रेणू बरोबर लिहिलात, मोल चुकले. सोडामाइड दोन मोल हवं होतं. का, ते तुमच्या पहिल्या प्रश्नातूनच निघतं, म्हणून आधी तिकडे वळतो.

लहानपणी आमच्या कुर्ल्याच्या घरामागे गॅरेजची गल्ली होती. तिथले गॅस वेल्डिंगवाले कार्बाइडचे करडे खडे पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि निघालेला वायू टॉर्चला जायचा. टाकीच्या तळाशी उरलेला पांढरा गाळ म्हणजे चुना.

CaC2 + 2H2O → C2H2 + Ca(OH)2

हे समीकरण पाठ असतं, पण ते आम्लांच्या भांडणासारखं वाचून बघा. कार्बाइडमध्ये ॲसिटिलीनचे दोन्ही प्रोटॉन काढून घेतलेला आयन बसलेला असतो. पाणी दिसताच तो पाण्याकडून प्रोटॉन हिसकावतो. म्हणजे पाणी ॲसिटिलीनपेक्षा बलवान आम्ल आहे. मग पाण्यातून तयार झालेला हायड्रॉक्साइड ॲसिटिलीनचा प्रोटॉन उलट खेचून घेईल ही आशा सोडा. पाण्याचा पीकेए सुमारे १५.७, ॲसिटिलीनचा २५. NaOH वापरलं तर समतोल स्थिरांक १ अब्जांशाच्या आसपास येतो. अमोनियाचा पीकेए पुस्तकागणिक ३५ ते ३८ दिलेला असतो, म्हणून अमाइड आयन हा प्रोटॉन सहज नेतो. इथीन मात्र ४४ वर आणि इथेन ५० वर आहे. तिथं सोडामाइडचंही काही चालत नाही.

आता हे आकडे असे का. परीक्षेत याची दोन चुकीची कारणं हमखास दिसतात.

पहिलं: "अल्काइनमधला C–H बंध कमकुवत असतो." उलट आहे. तिघांत तोच सगळ्यात मजबूत. समान वाटणी करून, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रॉन देऊन, तो तोडायला ॲसिटिलीनमध्ये सुमारे १३३ किलोकॅलरी प्रति मोल लागतात, इथीनमध्ये १११, इथेनमध्ये १०१. पण आम्ल म्हणून प्रोटॉन सुटतो तेव्हा वाटणी समान नसते. हायड्रोजन रिकाम्या हाताने जातो आणि दोन्ही इलेक्ट्रॉन कार्बनकडे राहतात. तेव्हा बंध किती घट्ट होता यापेक्षा ती जोडी मागे कुठे राहते, हे ठरवणारं असतं.

दुसरं: "ऋणायन रेझोनन्सने स्थिर होतो." तेही नाही. ती जोडी कार्बन-कार्बन रेषेच्याच दिशेने बाहेर तोंड करून असते आणि दोन्ही पाय बंध त्या रेषेला काटकोनात असतात. त्यांच्यात ती मिसळू शकत नाही. बाण काढून ऋणभार पलीकडच्या कार्बनवर नेऊन दाखवलात, तर तपासणारा खूण करणारच.

खरं कारण एस ऑर्बिटल. २पी ऑर्बिटलमध्ये केंद्रकाच्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते, २एसमध्ये ती शून्य नसते. म्हणून एसचा वाटा जितका जास्त, तितकी जोडी केंद्रकाच्या जवळ आणि तितकी तिची ऊर्जा कमी. एसपी कार्बनवर हा वाटा ५० टक्के, एसपी-२ वर ३३, एसपी-३ वर २५. अल्काइनमधल्या C–H चा मजबूतपणाही याच वाट्यातून येतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. हे फक्त टोकाच्या अल्काइनला लागू, हे वेगळं सांगायला नको. मधल्या अल्काइनच्या त्या कार्बनांवर काढायला प्रोटॉनच नसतो.

आता तुमचं उदाहरण. ३-ब्यूटाइन-१-ऑल म्हणजे HC≡C–CH2CH2–OH. यात काढता येण्याजोगे प्रोटॉन दोन: ऑक्सिजनवरचा, पीकेए १६ च्या घरातला, आणि अल्काइनच्या टोकाचा, २५ चा. एक मोल सोडामाइड टाकलंत की ते आधी ऑक्सिजनवरचाच नेणार. अल्काइनचं टोक जसंच्या तसं राहील. त्यावर इथाइल ब्रोमाइड टाकलं तर जोडणी ऑक्सिजनवर होईल आणि HC≡C–CH2CH2–O–C2H5 हे ईथर मिळेल, नाहीतर बराचसा मूळ अल्कोहोलच परत येईल. साखळी वाढणार नाही.

दुसरा मोल टाकला की टोकाचा प्रोटॉनही जातो आणि एकाच रेणूवर दोन ऋणभार येतात. मग विद्यार्थी विचारतात, इथाइल ब्रोमाइड ऑक्सिजनवर का जात नाही? जो प्रोटॉन काढायला जास्त कष्ट पडले, तिथला ऋणायन जास्त आक्रमक. शेवटी तयार झालेला कार्बनवरचा आयन आधी हल्ला करतो. म्हणून इथाइल ब्रोमाइड मात्र एकच मोल द्यायचं. शेवटी अमोनियम क्लोराइड टाकलं की ऑक्सिजनला त्याचा प्रोटॉन परत मिळतो.

एक दशांश मोलचा हिशेब असा: ३-ब्यूटाइन-१-ऑल ७ ग्रॅम, सोडामाइड ७.८ ग्रॅम म्हणजे ०.२ मोल, इथाइल ब्रोमाइड १०.९ ग्रॅम. सगळं पदरात पडलं तर ३-हेक्साइन-१-ऑल ९.८ ग्रॅम, पण सगळं कधीच पडत नाही. सोडामाइड बाटलीतलं जुनं, पिवळट दिसणारं असेल तर हातही लावू नये, त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठलेले असू शकतात. आम्ही ते ताजं करायचो. उणे ३३ अंशांवर उकळणाऱ्या द्रव अमोनियात फेरिक नायट्रेटचा एखादा कण आणि मग सोडियमचे तुकडे, इथं ४.६ ग्रॅम. सोडियम पडताच अमोनिया शाईसारखा निळा होतो. हा निळा रंग म्हणजे अमोनियात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. तो जाऊन करडा गढूळ रंग येईपर्यंत थांबायचं. निळा असतानाच घाई केली तर तेच इलेक्ट्रॉन अल्काइनचं क्षपण करू लागतात. एरवी अल्काइनपासून ट्रान्स अल्कीन बनवायला आपण हाच निळा द्रव मुद्दाम वापरतो, पण इथं तो नको असतो.

माझा स्वतःचा फज्जा जुलैमधला आहे. एमएस्सीनंतर मी सुगंधी रसायनांच्या प्रयोगशाळेत होतो. तुमच्याच या ३-हेक्साइन-१-ऑलपासून आम्हाला सिस-३-हेक्सिनॉल करायचं होतं, म्हणजे कापलेल्या गवताचा वास ज्याचा येतो ते. मुंबईच्या पावसाळी हवेत उणे ३३ अंशांचं भांडं म्हणजे बाहेरून सतत पाणी ठिबकणारी वस्तू. माझी वाळवणारी नळी ओली झालेली होती आणि मी ती बदलली नव्हती. शेवटी हाती आला तो बहुतेक मूळ अल्कोहोल.

घरी जाताना लोकलमध्ये हिशेब केला. पाणी १.८ मिली म्हणजे ०.१ मोल. तेवढं आत गेलं तर निम्माच माल मरेल आणि निम्मा हाती लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. पाणी प्रोटॉन देतं तो सगळ्यात बलवान आम्लारीला, आणि तो कोण? कार्बनवरचा ऋणायन, म्हणजे नेमका कामाचा. ऑक्सिजनवरचा सुखरूप राहतो. दोन मोल सोडामाइड टाकूनसुद्धा मी एक मोलच्या जागी येऊन पोचलो होतो, अगदी तुमच्या उत्तरपत्रिकेसारखा.

हे झालंय हे ओळखायचं कसं? अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये थेंबभर नमुना टाकायचा. पांढरा साका आला तर टोकाचं अल्काइन शिल्लक आहे. ३-हेक्साइन-१-ऑल शुद्ध असेल तर साका येत नाही. हा साका वाळू देऊ नका, कोरडा सिल्व्हर ॲसिटिलाइड धक्क्याने फुटतो. ओला असतानाच विरल नायट्रिक आम्लाने नष्ट करायचा. आयआरमध्ये ३३०० जवळ ≡C–H ची सुईसारखी रेषा दिसते, पण अल्कोहोलचा रुंद पट्टा त्याच ठिकाणी येतो, त्यामुळे ती त्याच्यावर टोचलेल्या टाचणीसारखी शोधावी लागते. एनएमआरमध्ये २ पीपीएमजवळचा टोकाचा एक प्रोटॉन गेला की नाही, हे बघणं जास्त भरवशाचं.

सोडामाइडचे दोन मोल टाळायचेच असतील तर क्रम उलटा करता येतो. आधी ॲसिटिलीनवर इथाइल ब्रोमाइडने १-ब्यूटाइन बनवायचं, मग त्याच्या ॲसिटिलाइडने इथिलीन ऑक्साइडचं वलय उघडायचं. ऑक्सिजन शेवटी येतो, म्हणून प्रत्येक पायरीला एकच मोल पुरतो. अडचण वेगळी आहे: १-ब्यूटाइन ८ अंशांवर उकळतं, म्हणजे आपल्याकडे ते बारा महिने वायूच, आणि इथिलीन ऑक्साइड विषारी आणि ज्वालाग्राही. पहिल्या पायरीत ॲसिटिलीन कमी पडलं तर दोन्ही टोकांना इथाइल लागून ३-हेक्साइन तयार होतं, म्हणून ते भरपूर सोडत राहायचं. कागदावर मात्र हा मार्गही तितकाच बरोबर आहे.

त्याच प्रश्नात इथाइलच्या जागी आयसोप्रोपिल ब्रोमाइड आलं तर सावध राहा. ॲसिटिलाइड बलवान आम्लारी असल्यामुळे दुय्यम हॅलाइडवर तो कार्बनला जोडला जाण्याऐवजी शेजारचा हायड्रोजन खेचतो. प्रोपीन उडून जातं आणि तुमचं अल्काइन पुन्हा होतं तसं उरतं. तृतीयक हॅलाइडवर तर जोडणी विसराच. शाखा हवी असेल तर ती अल्काइनच्या बाजूला आधीपासून असू द्या आणि हॅलाइड प्राथमिक ठेवा. उदाहरणार्थ, ४-मिथाइल-२-पेन्टाइन करायचं तर ३-मिथाइल-१-ब्यूटाइनच्या ॲसिटिलाइडवर मिथाइल आयोडाइड. प्रोपाइन आणि आयसोप्रोपिल ब्रोमाइड ही जोडी नको.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायचा विचार असेल तर ते पैसे वाचवा. एक मोल लिहिल्यावर अर्धे गुण मिळाले, हेच मला जरा उदारपणाचं वाटतंय.