पेपरमधलं स्लाइडवर काय ठेवू?

प्रश्न: संत्र्याच्या ठिबकवरचा पेपर नागपूरच्या परिषदेत १२ मिनिटांत मांडायचाय. पद्धती, निकाल, मर्यादा यांतलं काय ठेवू?

उत्तर: आधी एकच दावा ठरवा, समजा 'कमी पाण्यात उत्पादन घटलं नाही'. जी पद्धत काढली तर या दाव्यावर विश्वास बसणार नाही, तीच स्लाइडवर येते. तुमच्या बाबतीत ती म्हणजे झाडांना कमी-जास्त पाणी कसं वाटून दिलं आणि प्रत्येक गटात किती झाडं होती. ओलावा मापकाचं कॅलिब्रेशन शेवटी राखीव स्लाइडवर ठेवा, कुणी विचारलं तर उघडा.

पेपरमधला मोठा तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका, मागच्या रांगेतून काहीच वाचता येत नाही. झाडामागे उत्पादनाचा एक आलेख काढा, त्रुटीपट्ट्यांसकट. त्या पट्ट्या रुंद असतील तर 'घटलं नाही' म्हणणं धाडसाचं. 'फरक दिसला नाही' म्हणा.

मर्यादा मात्र निवडून घ्या. संत्र्याला एका वर्षी भरघोस, पुढच्या वर्षी कमी फळ येतं. तुमचा प्रयोग एकाच आंबिया बहाराचा असेल, तर ही मर्यादा निष्कर्षच बदलू शकते. म्हणून ती आलेखाखालीच लिहा. शेवटच्या स्लाइडवर ठेवलीत तर वेळ संपल्याची घंटा वाजते आणि ती राहून जाते.