सिम बदललं अन् नेट गेलं? आधी वरची दांडी पाय

भाऊ, फोन लगेच रिसेट नको मारू, आधी सिग्नलच्या दांड्या पाय. दांड्या फुल आहेत, कॉल लागते पण नेट नाही तर बहुतेक एपीएनचा, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या सेटिंगचा लोचा राहते, अन् दांडीच नसून No service दिसत असेल तर एपीएनला हात लावून काहीच होत नाही, नेटवर्क मोड पाय.

सक्करदऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं, त्यांनी बीएसएनएलचं सिम काढून जिओचं टाकलं अन् मोड जुनाच, फक्त थ्रीजीवर फिक्स. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, मग फोन पकडणार काय? सेटिंगमध्ये सिमकार्डात जाऊन Preferred network type मध्ये एलटीई असलेला पर्याय निवडला, दांड्या आल्या. दोन सिमचा फोन असेल तर त्याच स्लॉटचा मोड बदलजो, अन् मोबाईल डेटा कोणत्या सिमवर आहे तेही पाय.

तरी नेट येईना, कारण एपीएनची लिस्ट रिकामी. नवीन एपीएन घेतला, नाव काहीही चालते पण एपीएनच्या रकान्यात हे अस्संच, स्पेस न सोडता:

```
jionet
```

युजरनेम पासवर्ड रिकामे. MCC, MNC म्हणजे देशाचा अन् कंपनीचा कोड, त्याला मात्र अजिबात हात लावू नको, ते सिमवरून आपोआप येते, चुकलं तर सेव्ह केलेला एपीएन लिस्टमधून गायबच होते अन् माणूस शोधत बसते. वरच्या तीन टिंबांतून सेव्ह कर, मग लिस्टमध्ये त्याच्यासमोरचा गोल निवडजो, हे लोक हमखास विसरतात. शेवटी एअरप्लेन मोड चालू करून बंद कर.