कमाई विचारू नका, कालचं पोतं विचारा

प्रश्न: बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रत्नागिरीत कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. रोजची कमाई विचारली की त्या गप्प होतात, नाहीतर कायतरी आकडा सांगतात. कसं विचारावं?

मी विद्यार्थ्यांना घेऊन याच कामाला जाते. एका मावशींना आमच्यातल्या मुलीने विचारलं, "दिवसाला किती मिळतात?" त्या म्हणाल्या, "पाचशे." तो आकडा खोटा नव्हता, पण मे महिन्यातल्या रविवारचा होता. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते तेव्हाचा. आम्ही गेलो होतो ऐन श्रावणात.

मग आम्ही पोत्याचंच विचारलं. काल काय काय घातलं, किती भरलं, काय भाव लागला? पुठ्ठा बारा किलो होता, पण भिजलेला, म्हणून भंगारवाल्याने दहाच धरला. आठ रुपयांनी ८० झाले. पाण्याच्या बाटल्या सहा किलो, अठराने १०८. पत्रा तीन किलो, ६०. काचेच्या वीस बाटल्या, नगाला रुपया. एकूण २६८. त्यातून उचलीचे ५० कापले, रिक्षाचे २० गेले. हातात १९८. पहाटे पाचला निघून बारापर्यंत वेचणं आणि पुढे तीनपर्यंत घराच्या पडवीत वेगळं करत बसणं, एवढ्याचे हे पैसे.

उचल नीट समजून घ्या. जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी त्यांनी दुकानदाराकडून तीन हजार घेतले होते. "व्याज नाही घेत तो," असं त्या सांगत होत्या. पण उचल फिटेपर्यंत माल त्यालाच द्यायचा, आणि पलीकडच्या दुकानात पाण्याच्या बाटल्यांना किलोला वीस मिळत असताना हा अठराच देतो. म्हणजे त्या दिवशी बाटल्यांतच बारा रुपये गेले. "कर्जावर व्याज किती?" एवढंच विचारलं असतं तर वहीत शून्य लिहिलं गेलं असतं.

हे दुकानात, काट्याजवळ उभं राहून कधीही विचारू नका. दुकानदाराने ऐकलं तर दुसऱ्या दिवशी तिचा भाव पडतो, ती पुन्हा तुमच्याशी बोलत नाही. पहाटेही अडवू नका, नगरपालिकेची गाडी यायच्या आत तिला फेरी संपवायची असते. दुपारी माल वेगळा करताना शेजारी बसा. हात चालू असतात, तिची रोजी बुडत नाही आणि माल समोर असल्याने आठवणही नेमकी येते. फोनवर रेकॉर्डिंग नको, वही पुरे. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, असं त्याच बाईकडे दोनदा जा.

अहवालात नुसतं नाव बदलून भागत नाही. आपलं गाव लहान आहे. "बंदराजवळच्या दुकानात माल देणारी, तीन मुलांची विधवा" असं लिहिलंत की ती कोण हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. दुकान, वाडी आणि मुलांची संख्या गाळा. भाव, वजन आणि कपात मात्र जशीच्या तशी ठेवा.