आधी बोट फिरवून बघा

ताई, गुलाबाच्या पानांवर पांढरं आलंय, काय फवारू असं विचारलंत, तर फवारा उचलण्याआधी पानावर बोट फिरवा. पांढरी पावडर बोटाला लागली तर तो भुरी हा बुरशीचा रोग. वरून तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी असेल तर केवडा हा रोग. आमच्या सांगलीकडे द्राक्षवाले औषध ठरवतात ते यावरूनच.

तुमच्या गुलाबावर भुरीच दिसतेय. लिटरभर पाण्यात खायचा सोडा १ सपाट चमचा (सुमारे ५ ग्रॅम) आणि साध्या लिक्विड साबणाचे २-३ थेंब. जास्त नको, मी एकदा अंदाजाने दोन चमचे टाकले आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आधी दोन-तीन पानांवर मारा, दोन दिवस थांबा. फवारणी संध्याकाळीच. नवी भुरी थांबते, डागाळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

सोडा नको असेल तर लिटरभर पाण्यात कडुनिंबाचं तेल ५ मिली, आधी साबणात घोळून. गंधक फवारलं असेल तर मात्र दोन आठवडे तेल नको.

कॉपर ऑक्सिक्लोराईड हे औषध केवडा, करपा या रोगांसाठी, लिटरला अडीच ग्रॅम. भुरीवर ते फारसं चालत नाही. हातमोजे, मास्क हवेतच. सोड्यात मिसळू नका, ढगाळ ओलसर दिवशी मारू नका; कोवळी पानं भाजतात.